सार्थ अंक

सार्थ अंक : मापनाने मिळालेल्या संख्येतील ज्या अंकांना त्या मापनाचा आधार असतो, त्यांना त्या संख्येचे सार्थ अंक म्हणतात. त्यांत खात्रीने कळलेले सर्व अंक आणि त्यांच्या उजवीकडील पहिला संशयास्पद अंक यांचा समावेश होतो. त्या अंकाच्या उजवीकडे लिहिलेले अंक मापनातून आलेले नसतात आणि म्हणून ते निरर्थक ठरतात. एखाद्या संख्येत किती सार्थ अंक आहेत हे ठरविताना १ ते ९ या अंकांबाबत अडचण येत नाही. अडचण येते ती शून्याबाबत. कारण शून्य हे चिन्ह दोन निरनिराळी कामे करते. ‘या स्थानी मोजले आणि काही आढळले नाही’ हे सांगण्यासाठी ते वापरतात व ‘हे स्थान मोजलेच नाही, पण इतर अंक योग्य जागी राहावेत म्हणून येथे काहीतरी लिहिणे भाग आहे’ हे सांगण्यासाठीही तेच वापरतात. पहिल्या प्रकारचे शून्य सार्थ असते, दुसऱ्या प्रकारचे नसते. दोन्ही शून्ये कागदावर सारखीच दिसत असल्याने त्यांच्यात भेद कसा करावा, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

मापनातील अंकांचा उगम : रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वापरली जाणारी ब्युरेट ही काचनळी याचे सोयीचे उदाहरण आहे. नेहमीच्या ब्युरेटीवर दर ०·१ मिलि. अंतराने रेघा असतात. द्रवाचा पृष्ठभाग दोन रेघांच्या दरम्यान असल्यास त्या अंतराचे मनाने दहा भाग कल्पून निरीक्षक पुढचा अंक अंदाजाने लिहितो. १८·३६ मिलि. या वाचनातील १, ८ व ३ हे अंक रेघांवरून खात्रीने मिळतात, तर ६ हा अंक अंदाजाने मिळतो. दुसरा निरीक्षक त्या जागी ५ किंवा ७ वाचू शकेल. तरीही तो अंक निरुपयोगी नाही, कारण पृष्ठभाग ३ आणि ४ या रेघांच्या मध्यापेक्षा किंचित पुढे आहे, ही माहिती तो देतो. म्हणून त्याची गणना सार्थ अंकांत होते व या वाचनात चार सार्थ अंक आहेत असे म्हणतात. यापुढे आणखी एक अंक लिहून १८·३६४ मिलि. असे नोंदविल्यास तो ४ कोठून आला याचे उत्तर निरीक्षकाला देता येणार नाही.

आता द्रवाचा पृष्ठभाग बरोबर २० या रेघेवर आहे असे समजू. हे वाचन २० मिलि. असे न लिहिता २०·०० मिलि. असे लिहावयास हवे. दशांश चिन्हानंतरची दोन शून्ये मूल्यात काही भर घालत नाहीत हे खरे. परंतु पृष्ठभाग २०·०१ किंवा १९·९९ वर असता तर ते आपल्याला कळले असते, असे ती सांगतात. नुसते २० लिहिल्यास हे वाचन मोजपात्रावर घेतलेल्या ढोबळ वाचनासारखे दिसते व ब्युरेट वापरण्यासाठी घेतलेले श्रम वाया जातात.

यावरून शून्याची परीक्षा करण्याची एक साधी कसोटी मिळते : त्या जागी शून्याऐवजी दुसरा एखादा अंक मापनातून येऊ शकला असता काय ? येऊ शकत असेल, तर ते शून्य सार्थ आहे. येऊ शकत नसेल, तर ते केवळ जागा धरण्यासाठी आहे. पुढे दिलेले सर्व नियम या एका कसोटीतून निघतात.

शून्याचे नियम : (१) संख्येच्या आरंभी असलेली शून्ये कधीच सार्थ नसतात. एका तारेचा व्यास ०·००४५ मी. आहे या विधानात दोनच सार्थ अंक आहेत. तोच व्यास ४·५ मिमी. असा लिहिला की आरंभीची शून्ये नाहीशी होतात. एकक बदलल्याने मापन बदलत नाही. त्यामुळे एकक बदलताच जी शून्ये जातात, ती मापनाची असू शकत नाहीत.

(२) दोन शून्येतर अंकांच्या मधली शून्ये नेहमी सार्थ असतात. ३·०७ या संख्येत तीन व २९,००२ या संख्येत पाच सार्थ अंक आहेत. उजवीकडचा अंक मोजला गेला असेल, तर त्याच्या डावीकडील मोठ्या स्थानाचा अंकही मोजला गेलेला असणारच.

(३) दशांश चिन्ह असलेल्या संख्येच्या शेवटी येणारी शून्ये सार्थ समजतात. २०·०० मध्ये चार व ०·०५०० मध्ये तीन सार्थ अंक आहेत. अशी शून्ये जागा धरण्यासाठी लागत नाहीत. ती लिहिणाऱ्याने मुद्दाम लिहिलेली असतात व म्हणून त्यांना अर्थ आहे असे मानतात.

(४) दशांश चिन्ह नसलेल्या पूर्ण संख्येच्या शेवटी येणारी शून्ये संदिग्ध असतात. ती सार्थ आहेत किंवा नाहीत हे केवळ संख्येकडे पाहून ठरविता येत नाही.

चौथ्या नियमाबाबत पुष्कळदा घोटाळा होतो. काही शालेय पुस्तकांत अशी शून्ये सार्थ नसतात असे सरळ सांगितलेले असते. परीक्षेतील उत्तरासाठी हा संकेत पुरेसा असला, तरी वस्तुस्थिती तेवढी सोपी नाही. मालमोटारी तोलण्याचा एखादा वजनकाटा १० किग्रॅ.च्या टप्प्यांनी वजन दाखवितो असे समजू. त्याने ८,४६० किग्रॅ. असे वजन दाखविले, तर शेवटचे शून्य सार्थ नाही, कारण त्या काट्यावर एककाच्या जागी शून्याखेरीज दुसरा अंक उमटतच नाही. हीच मालमोटार १ किग्रॅ.च्या टप्प्यांनी वजन दाखविणाऱ्या काट्यावर चढविली आणि तेथेही ८,४६० हाच आकडा आला, तर मात्र तेच शून्य सार्थ ठरेल. संख्या एकच, पण एका ठिकाणी तीन सार्थ अंक व दुसऱ्या ठिकाणी चार. म्हणजेच निर्णय संख्येवरून नव्हे, तर ती संख्या ज्या साधनाने व पद्धतीने मिळाली त्यावरून होतो. काट्याविषयी माहिती नसेल, तर त्यावरील अनेक नोंदी पाहाव्यात. सर्व नोंदींच्या शेवटी शून्यच असेल, तर ते मोजलेले नाही हे उघड होते.

संदिग्धता टाळण्याचे उपाय : सर्वांत निर्दोष उपाय म्हणजे संख्या दहाच्या घाताच्या रूपात लिहिणे. या पद्धतीत दशांश चिन्हाच्या डावीकडे एकच शून्येतर अंक ठेवतात आणि मूल्याचा आकार दहाच्या घातांकाने दाखवितात. पहिल्या काट्यावरील वजन ८·४६ × १०³ किग्रॅ. व दुसऱ्या काट्यावरील वजन ८·४६० × १०³ किग्रॅ. असे लिहिले की शंकेला जागा राहत नाही. जागा धरण्याचे काम घातांकाकडे गेल्याने उरलेले प्रत्येक शून्य सार्थच असते. दुसरा उपाय एकक बदलण्याचा आहे : ८·४६ टन आणि ८·४६० टन हा फरक सामान्य वाचकालाही कळतो. शेवटच्या सार्थ शून्यावर किंवा त्याखाली रेघ देण्याची पद्धतही काही पुस्तकांत आढळते. तथापि ती सर्वत्र रूढ नसल्याने तिचा अर्थ सांगावा लागतो.

एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे उदाहरण : शेवटच्या शून्यांविषयीची शंका किती दूरवर जाऊ शकते, हे हिमालयातील सर्वोच्च शिखराच्या उंचीच्या इतिहासावरून दिसून येते. भारताच्या महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणात या शिखराची ‘शिखर १५’ अशी नोंद होती. १८४९–५० मध्ये जेम्स निकल्सन यांनी सखल प्रदेशातील सहा ठाण्यांवरून थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने शिखराचे उन्नतांश (क्षितिजापासूनचे कोन) मोजले. ही ठाणी शिखरापासून सु. १७४ ते १९१ किमी. अंतरावर होती. या निरीक्षणांवरून करावयाच्या आकडेमोडीत सर्वेक्षणाचे प्रमुख गणक राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्रू वॉ यांनी शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर केले.

या आकड्याविषयी अशी एक कथा वारंवार सांगितली जाते की, सहा उंचींची सरासरी बरोबर २९,००० फूट आली होती. पण ती तशीच जाहीर केली असती, तर हा केवळ ढोबळ अंदाज आहे असे लोकांना वाटले असते, म्हणून वॉ यांनी तीत दोन फूट मिळविले. कथेमागील भीती अगदी योग्य आहे. २९,००० या लेखनात दोन सार्थ अंक आहेत की पाच, हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. दोनच असतील, तर उंची २८,५०० ते २९,५०० फूट यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल. पाच असतील, तर अनिश्चितता फुटांचीच उरते. कथेत सांगितलेला उपाय मात्र चुकीचा आहे, कारण तो शून्याचा अर्थ स्पष्ट करण्याऐवजी मापनाने न दिलेला अंक संख्येत घालतो. ही संख्या २·९००० × १०⁴ फूट अशी लिहिली असती, तर एकही फूट न वाढविता तेच साधले असते.

प्रत्यक्षात नंतर प्रसिद्ध झालेले आकडे या कथेला पाठिंबा देत नाहीत. सहा ठाण्यांवरून निघालेल्या उंची अनुक्रमे २८,९९१·६, २९,००५·३, २९,००१·८, २८,९९८·६, २९,०२६·१ व २८,९९०·४ फूट अशा होत्या. त्यांची सरासरी २९,००२·३ फूट येते. म्हणजे २ हा अंक आकडेमोडीतूनच आलेला आहे.

या सरासरीत किती अंक सार्थ आहेत, हे त्याच सहा आकड्यांवरून ठरविता येते. प्रत्येक उंची फुटाच्या दशांशापर्यंत दिलेली असल्याने सहा सार्थ अंक आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान उंचीत सु. ३६ फुटांचा फरक आहे. यावरून दशांशाचा अंक आकडेमोडीत राहिलेला आहे, मापनाने दिलेला नाही, हे उघड होते. अधिक नेमके उत्तर मिळविण्यासाठी प्रत्येक उंचीचे सरासरीपासूनचे विचलन काढावे. ही विचलने अनुक्रमे –१०·७, ३·०, –०·५, –३·७, २३·८ व –११·९ फूट आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज सु. ८४५ येते, तिला ५ ने (निरीक्षणांच्या संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्येने) भागून वर्गमूळ काढल्यास एका उंचीचे प्रमाण विचलन सु. १३ फूट मिळते. सहा उंचींची सरासरी एका उंचीपेक्षा अधिक विश्वसनीय असते; १३ ला ६ च्या वर्गमूळाने भागल्यास सरासरीची अनिश्चितता सु. ५ फूट येते. म्हणून फल २९,००२ ± ५ फूट असे लिहिणे योग्य होय. एककाच्या जागेवरील २ हा संशयास्पद अंक असून तोच शेवटचा सार्थ अंक आहे. दशांशातील ३ सोडून दिला पाहिजे. सार्थ अंक पाच.

ही उंची मीटरमध्ये रूपांतरित करताना शून्याचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. १ फूट म्हणजे ०·३०४८ मी. हे प्रमाण व्याख्येनेच ठरलेले असल्यामुळे ते पूर्णपणे अचूक आहे व त्यातील अंकांच्या संख्येमुळे उत्तरावर मर्यादा पडत नाही. २९,००२ ला ०·३०४८ ने गुणल्यास ८,८३९·८०९६ मी. हे उत्तर येते. परंतु ५ फुटांची अनिश्चितता म्हणजे सु. १·५ मी. असल्याने मीटरच्या पुढील अंक टिकू शकत नाहीत. आसन्न मूल्य ८,८४० मी. होते. या संख्येच्या शेवटी असलेले शून्य सार्थ आहे : ते मीटरच्या जागेवरील मोजलेले शून्य असून तेथे ८,८३९ किंवा ८,८४१ येऊ शकले असते. ‘दशांश चिन्ह नसल्यास शेवटची शून्ये सोडावीत’ हा नियम आंधळेपणाने लावणारा वाचक मात्र येथे तीनच सार्थ अंक मोजील व अनिश्चितता काही पट वाढवील. ८·८४० × १०³ मी. असे लिहिल्यास ही चूक टळते.

सार्थ अंकांची मर्यादा : याच उदाहरणाचा पुढचा भाग सार्थ अंकांवर किती विसंबावे हे दाखवितो. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५२–५४ या काळातील निरीक्षणांवरून शिखराची उंची २९,०२८ फूट (८,८४८ मी.) ठरविली आणि २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी संयुक्तपणे ८,८४८·८६ मी. ही उंची जाहीर केली. या शेवटच्या आकड्याचे फूट केल्यास सु. २९,०३२ होतात. म्हणजे १८५६ चा आकडा सु. ३० फुटांनी कमी होता व हा फरक आपण काढलेल्या ५ फुटांच्या अनिश्चिततेच्या सहापट आहे. आकडेमोड चुकलेली नाही. सहा ठाण्यांवरील उंचींच्या विखुरण्यावरून फक्त यादृच्छिक त्रुटी कळतात. प्रकाशकिरण हवेतून येताना वाकतो (वातावरणीय प्रणमन), हिमालयाच्या आकर्षणामुळे ओळंबा ढळतो आणि समुद्रसपाटीची पातळी पर्वताखालपर्यंत गृहीतकांच्या आधारे न्यावी लागते. या कारणांनी येणाऱ्या त्रुटी सर्व ठाण्यांवरील मूल्यांत कमीअधिक प्रमाणात एकाच दिशेने शिरतात. त्यामुळे त्या सरासरीने नाहीशा होत नाहीत व विखुरण्यातही दिसत नाहीत. सार्थ अंक परिशुद्धता, म्हणजे मूल्ये परस्परांशी किती जुळतात हे दाखवितात. अचूकता, म्हणजे ती खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहेत हे दाखवीत नाहीत.

आकडेमोडीतील नियम : बेरीज-वजाबाकीत सार्थ अंकांची संख्या नव्हे, तर दशांश स्थान पाहतात. १० किग्रॅ.च्या टप्प्यांनी वजन दाखविणाऱ्या काट्यावरील ८,४६० किग्रॅ. भारात २·३५ किग्रॅ.ची पिशवी ठेवली, तर एकूण भार ८,४६०च लिहावा, कारण पहिल्या संख्येत एककाचे स्थानच अज्ञात आहे. गुणाकार-भागाकारात उत्तरात सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या संख्येइतकेच सार्थ अंक ठेवण्याचा नियम आहे. हा नियम सोयीचा असला, तरी ढोबळ आहे. एका खोलीची लांबी १२·५० मी. व रुंदी ८·० मी. असल्यास गुणाकार १०० चौ. मी. येतो. नियमाप्रमाणे दोनच सार्थ अंक ठेवून १·० × १०² चौ. मी. लिहावे लागेल, म्हणजे क्षेत्रफळ ९५ ते १०५ यांच्या दरम्यान असल्याचे सूचित होईल. प्रत्यक्षात रुंदी ७·९५ ते ८·०५ मी. या मर्यादेत असल्याने क्षेत्रफळ सु. ९९·४ ते १००·६ चौ. मी. या मर्यादेत असते. येथे १·०० × १०² हे लेखनच वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. दोष उद्भवतो तो ८·० मधील शेवटच्या अंकाचा बदल मूल्याच्या सव्वा टक्का, तर १·० मधील तोच बदल दहा टक्के असल्यामुळे. पहिला अंक १ असेल, तेव्हा एक अंक अधिक ठेवावा, असा व्यवहारात म्हणूनच संकेत आहे.

मोजून मिळालेल्या नव्हे, तर गणून किंवा व्याख्येने मिळालेल्या संख्यांना हे नियम लागू नाहीत. वर्गातील ३० विद्यार्थी म्हणजे नेमके ३०. त्यातील शून्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आसन्न मूल्य काढणेही शेवटी एकदाच करावे. २·४४९ चे दोन सार्थ अंकी मूल्य २·४ आहे. पण आधी २·४५ व मग २·५ असे टप्प्याटप्प्याने गेल्यास उत्तर चुकते. मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक जास्त ठेवावेत. गणकयंत्रे याच्या उलट दोन्ही प्रकारचे दोष निर्माण करतात : भागाकारानंतर आठ-दहा निरर्थक अंक दाखवितात आणि २०·०० टंकलिखित केल्यास पुष्कळदा केवळ २० दाखवून सार्थ शून्ये गाळून टाकतात. उत्तर उतरविताना पहिले अंक सोडणे व दुसरी शून्ये परत लिहिणे, ही दोन्ही कामे मापन करणाऱ्यालाच करावी लागतात.

अनिश्चिततेचे स्पष्ट लेखन : वरील मर्यादांमुळे महत्त्वाच्या मापनांत सार्थ अंकांवर विसंबून न राहता अनिश्चितता स्वतंत्रपणे देतात. गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकाचे मूल्य आंतरराष्ट्रीय कोष्टकांत ६·६७४३०(१५) × १०⁻¹¹ मी.³ किग्रॅ.⁻¹ से.⁻² असे दिलेले आहे. कंसातील १५ ही शेवटच्या दोन स्थानांतील अनिश्चितता होय. म्हणजे मूल्य ६·६७४३० ± ०·०००१५ आहे. शेवटचे शून्य येथे गाळता येत नाही, कारण कंसातील ५ हा अंक त्याच शून्याच्या स्थानाशी निगडित आहे. ते गाळून ६·६७४३(१५) लिहिल्यास अनिश्चितता दहापट होईल. [⟶ त्रुटी, मापन].